टोपणाचा रंग आणि रक्ताची साक्ष

नांदूरघाटच्या बाजारपेठेतील माझ्या लहानशा प्रयोगशाळेत रक्त द्यावयास येणाऱ्या माणसाचे लक्ष सुईकडे जाण्याआधी मेजावर ओळीने मांडलेल्या नळ्यांच्या रंगीत टोपणांकडे जाते, आणि जांभळे, लाल, करडे, आकाशी अशी ती टोपणे पाहून त्याच्या मनात जी शंका येते ती बहुधा रक्ताच्या परिमाणाविषयीची असते. ‘‘का रं लेकरा, चार-चार बाटल्या भरायलास, अंगात रगत ऱ्हाईल का?’’ असे एखादी आजी विचारते, तेव्हा त्या सर्व नळ्या मिळून जेमतेम दोन चमचे रक्त होते आणि आजीच्या अंगात निदान तीन लिटर तरी रक्त आहे, एवढे सांगितले की तिची खातरजमा होते. परंतु तिच्यासोबत आलेला, बारावीपर्यंत शिकलेला नातू जेव्हा विचारतो की रक्त एकच, शीर एकच, मग ते एकाच नळीत का घेत नाही, तेव्हा उत्तर चमच्यांत देता येत नाही. रक्त काढण्याच्या या व्यवसायात हयातीचा बराच काळ गेल्यावर माझे असे मत झाले आहे की या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले त्याच्या हातून रक्त सुरक्षित राहते. आणि ज्याने केवळ रंग पाठ केले त्याच्या हातून केव्हातरी एखाद्या निरोगी माणसाच्या नावावर मरणप्राय आजाराची नोंद होते.

शिरेतून बाहेर पडलेले रक्त तत्क्षणी गोठण्याच्या मार्गाला लागते. रक्तजलात विरघळलेली डझनभर प्रथिने एकामागून एक जागृत होतात, अखेरीस तंतूंचे जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी बनते. या साखळीतील बहुतेक टप्प्यांना कॅल्शियमची गरज असते. 1890 साली आर्थुस आणि पाजेस या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की रक्तातील कॅल्शियम ऑक्झलेट घालून काढून घेतले तर रक्त गोठत नाही, आणि ते परत दिले तर गोठते. आज माझ्या मेजावर असलेल्या नळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नळ्यांची करामत या एका शोधावर उभी आहे. फरक एवढाच की कॅल्शियमला धरून ठेवणारे द्रव्य प्रत्येकीत निराळे आहे आणि त्याची पकडही निराळी आहे.

मी शिकाऊ असताना ज्या वयोवृद्ध तंत्रज्ञांच्या हाताखाली काम केले, त्यांच्या काळी तयार नळ्या नव्हत्या. पेनिसिलीनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून, त्यांत अमोनियम आणि पोटॅशियम या दोन ऑक्झलेटांचे द्रावण थेंब-थेंब घालून ते सुकवावयाचे, आणि अशा बाटल्यांना ‘बल्ब’ म्हणावयाचे, ही त्यांची रोजची सकाळ असे. तो शब्द आमच्या व्यवसायात अजूनही टिकून आहे. दोन ऑक्झलेटे कशासाठी, असे मी त्यांना विचारले होते. अमोनियमचे ऑक्झलेट पेशी फुगवते आणि पोटॅशियमचे त्यांना आकसवते, म्हणून तीनास दोन या प्रमाणात दोहोंची सांगड घातली की पेशींचा आकार मूळचा राहतो, असे त्यांनी मला समजावले. नळीत घातलेले कोणतेही द्रव्य रक्ताच्या बाबतीत तटस्थ नसते, ते एक गोष्ट राखते आणि दुसरी बिघडवते, हे मला त्या उत्तरातून प्रथम कळले. पुढे कारखान्यातून तयार झालेल्या रंगीत टोपणांच्या नळ्या आल्या, रंगांबाबत आंतरराष्ट्रीय संकेतही ठरले. तथापि रंग ही केवळ खूण असून नळीवरच्या चिठ्ठीवर काय छापले आहे ते वाचल्याविना रक्त भरू नये, हा त्यांचा दंडक मी आजतागायत पाळीत आलो आहे.

जांभळ्या टोपणाच्या नळीच्या आतील भिंतीवर ईडीटीए नामक क्षार सुकवलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा पोटॅशियमयुक्त असतो, आणि ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे सांगावयाच्या हकिकतीचे सारे मर्म तिच्यात आहे. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमच्या एका कणाला चहूबाजूंनी असा कवटाळतो की तो पुन्हा साखळीच्या कामी येऊ शकत नाही. रक्त पातळ राहते, पेशींचा आकार काही तास उत्तम टिकतो, आणि म्हणून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांची मोजदाद, काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली करावयाची तपासणी आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए1सी ही चाचणी, हे सर्व याच नळीतून होते. नळीवर जी रेघ असते तिथवरच रक्त भरावे लागते, कारण आतील क्षार तेवढ्याच रक्ताच्या हिशेबाने घातलेला असतो. रक्त निम्मे भरले तर क्षाराचे प्रमाण दुप्पट होऊन पेशी आकसू लागतात. भरल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करावी. ती घुसळली तर पेशी फुटतात आणि तशीच ठेवली तर तळाशी तांदळाच्या कणीएवढी गुठळी होते, जिच्यात हजारो प्लेटलेट अडकून मोजणीतून नाहीशा होतात.

लाल टोपणाच्या नळीचे प्रयोजन याच्या नेमके उलट आहे. तिथे रक्त गोठावे अशीच इच्छा असते. पूर्वीच्या काचेच्या नळीत काहीच नसे. आताच्या प्लास्टिकच्या नळीत गोठण्याला चालना देणारी सिलिकाची बारीक पूड असते, आणि पिवळ्या टोपणाच्या नळीत तिच्या जोडीला एक चिकट जेल असते, जे यंत्रात फिरवल्यावर गुठळी व रक्तजल यांच्यामध्ये पडदा बनून बसते. नळी अर्धा तास उभी ठेवावी, गुठळी पुरती बसू द्यावी, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवावी, आणि वर येणारे गवताच्या काडीसारखे फिकट पिवळे रक्तजल मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम इत्यादी चाचण्यांना वापरावे, असा क्रम आहे.

आता ती हकिकत. ऊसतोडीचा हंगाम आटोपून परत आलेल्या एका मध्यमवयीन बाईंना अशक्तपणा आणि पोटऱ्यांत वळ येण्याची तक्रार होती. दूरच्या एका गावी भरलेल्या तपासणी शिबिरात त्यांचे रक्त घेतले गेले, आणि दुसऱ्या दिवशी जो अहवाल हाती आला तो वाचून त्यांच्या धाकट्या दिराने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांना तातडीने नेण्यासाठी जीप ठरवली. वाटेत आमच्या गावातील डॉक्टरांना कागद दाखवावा म्हणून ते थांबले, आणि डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. पोटॅशियम 7.4 होते, प्रकृतिमान 3.5 ते 5.1 पर्यंतचे. कॅल्शियम 3.4, जे साडेआठच्या खाली येऊ नये. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर 11, एरवी ते चाळीसच्या वर असते. आणि या तिघांच्या पंक्तीत क्रिएटिनिन 0.8 व सोडियम 139, म्हणजे अगदी यथास्थित.

डॉक्टरांनी बाईंची नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला. दोन्ही नियमित होती. पोटॅशियम खरोखर एवढे वाढले असते तर आलेखावर त्याची छाया दिसण्याचा फार संभव होता, आणि कॅल्शियम खरोखर 3.4 असते तर बाई बाकावर बसून जावेशी बोलत राहिल्या नसत्या, त्यांच्या हातांची बोटे वळली असती, कदाचित झटके आले असते. डॉक्टरांना पहिली शंका आली ती रक्तपेशी फुटल्याची, कारण तांबड्या पेशींच्या पोटात पोटॅशियम ठासून भरलेले असते आणि खडबडीत रस्त्याने मोटारसायकलवर नळ्या नेल्या की त्या फुटतात, हे त्यांना ठाऊक होते. ती शंका योग्य होती. परंतु पेशी फुटल्या तर रक्तजलाला गुलाबी छटा येते आणि तशी नोंद अहवालावर असावयास हवी होती, ती नव्हती. शिवाय पेशी फुटल्याने कॅल्शियम का उतरावे, याचे उत्तर त्या शंकेत नव्हते.

तिन्ही आकडे एकत्र वाचले की ते एकाच गुन्हेगाराकडे बोट दाखवतात. पोटॅशियम देणारा, कॅल्शियम घेणारा, आणि ज्या विकराला काम करण्यासाठी जस्त व मॅग्नेशियम लागते त्याच्याकडून ते हिरावून त्याला निकामी करणारा असा पदार्थ प्रयोगशाळेच्या मेजावर एकच असतो, आणि तो जांभळ्या टोपणाखाली असतो. मी बाईंचे रक्त पुन्हा घेतले, या वेळी लाल नळी आधी भरली आणि जांभळी नंतर. ते तालुक्याला, केजच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि सायंकाळी आकडे आले: पोटॅशियम 4.3, कॅल्शियम 9.3, अल्कलाइन फॉस्फटेज 92.

त्या रात्री मी कागदावर जो हिशेब मांडला तो वाचकांसमोर ठेवण्याजोगा आहे. पोटॅशियममधील वाढ 3.1 एवढी होती, आणि हे माप लिटरमागे मिलिमोलांचे आहे. या नळीतील ईडीटीएच्या प्रत्येक रेणूसोबत पोटॅशियमचे दोन कण येतात, म्हणजे ईडीटीए शिरला तो त्याच्या निम्मा, सुमारे 1.55. प्रत्येक रेणू कॅल्शियमचा एक कण पकडतो; कॅल्शियमचा अणुभार 40 असल्याने 1.55 मिलिमोल कॅल्शियम म्हणजे लिटरमागे 62 मिलिग्रॅम, अर्थात अहवालाच्या मापात 6.2. खऱ्या 9.3 मधून 6.2 वजा जाता 3.1 उरावयास हवे, अहवाल 3.4 सांगत होता. चाचणीतले रंगद्रव्य ईडीटीएच्या तावडीतून थोडे कॅल्शियम सोडवून घेते, हे ध्यानात घेतले तर यापेक्षा चोख जुळणी मागता येत नाही. जांभळ्या नळीतील क्षाराच्या नेहमीच्या प्रमाणावरून पाहता त्या लाल नळीतील पाचवा हिस्सा रक्त जांभळ्या नळीतून आलेले होते. सुईच्या टोकाला चुकून लागलेल्या अंशाने एवढे होत नाही. शीर मध्येच बंद पडली असेल, लाल नळी उणी राहिली असेल, आणि जांभळीत रक्त भरपूर आहे असे पाहून कोणीतरी त्यातले थोडे हिच्यात ओतून रेघ गाठली असेल. रक्त घेणाऱ्या त्या अनाम व्यक्तीच्या लेखी ते एकाच बाईचे एकच रक्त होते. आणि नातवाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी तिला दिलेलेच नसावे.

याच कारणाने नळ्या भरण्याचा क्रम ठरलेला आहे: प्रथम आकाशी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, आणि शेवटी करडी. जिच्यातील द्रव्याचा अंश पुढच्या नळीत गेला असता अधिक नासाडी होईल ती मागे ठेवावयाची, हे त्या क्रमाचे तत्त्व. हिरव्या टोपणाखाली हेपॅरिन असते, जे कॅल्शियमला हात न लावता गोठण्याची साखळी अन्य ठिकाणी रोखते. आमच्यासारख्या खेड्यातील कामात तिची गरज क्वचितच पडते.

जांभळी नळी स्वतःच्या घरीही क्वचित दगा देते. डेंग्यूच्या दिवसांत, भाद्रपदाच्या सुमारास, ताप नसलेल्या एका तरुणाच्या प्लेटलेट 28 हजार निघाल्या, पुन्हा मोजल्या तरी तेवढ्याच. आणि घरचे लोक प्लेटलेटची पिशवी कोठे मिळेल याची चौकशी करू लागले. त्याच्या अंगावर एकही लाल ठिपका नव्हता, हिरड्यांतून रक्त नव्हते. काचपट्टीवर थर ओढून पाहिला तेव्हा थराच्या शेवटच्या काठाशी प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके दिसले. हजारांत एखाद्या माणसाच्या रक्तात असे प्रतिद्रव्य असते की ईडीटीएच्या सान्निध्यात ते प्लेटलेटना परस्परांस चिकटवते, आणि यंत्र अख्खा पुंजका एक मोठी पेशी समजून सोडून देते. हा दोष नळीत उद्भवतो, शरीरात त्याचा मागमूस नसतो. त्याचे रक्त सायट्रेटच्या आकाशी नळीत घेऊन मोजले तेव्हा आकडा 1 लाख 72 हजार आला, आणि त्या नळीत नऊ भाग रक्तास एक भाग द्रावण असल्याने जे पातळ होणे घडते त्याची भरपाई म्हणून 1.1 ने गुणले, तेव्हा तो सुमारे 1 लाख 89 हजारांवर गेला. पुंजके पाहिल्यावाचून प्लेटलेटचा धडकी भरवणारा आकडा कोणाच्या हाती देऊ नये, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

करड्या टोपणाची गोष्ट निराळी, आणि आमच्या भागातल्या उन्हाळ्यामुळे ती मला अधिक जिव्हाळ्याची. शरीराबाहेर काढलेल्या रक्तातील पेशी लगेच मरत नाहीत. त्या नळीतही जगतात, आणि जगण्यासाठी रक्तजलातील साखर खातात. सर्वसाधारण हवेत तासाला शेकडा पाच ते सात या गतीने साखर कमी होते, आणि वैशाखातल्या दुपारी नळ्यांची पेटी मोटारसायकलच्या मागे तापत असेल तर त्याहूनही वेगाने. सकाळी सात वाजता उपाशीपोटी ज्याची साखर 132 आहे, त्याचे रक्त साध्या नळीत, रक्तजल वेगळे न करता, तालुक्याला पोचून साडेदहाला तपासले गेले, तर आकडा 108 च्या आसपास निघतो. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची रेषा 126 वर आहे. म्हणजे जो माणूस रेषेपलीकडे होता तो कागदावर अलीकडे आला, त्याला औषध मिळाले नाही, आणि दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन तो कोयता उचलून निघून गेला की पुढच्या हंगामापर्यंत त्याची तपासणी होत नाही. पायाला झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही म्हणून परतलेली अशी माणसे मी पाहिली आहेत, ज्यांच्या खिशातल्या जुन्या कागदावर साखर व्यवस्थित असल्याचे लिहिलेले होते.

करड्या नळीत सोडियम फ्लोराइड असते, जे पेशींची ही साखर खाण्याची क्रिया बंद पाडते, आणि गोठणे थांबवण्यासाठी त्याच्या जोडीला पोटॅशियम ऑक्झलेट, म्हणजे माझ्या गुरूंच्या बाटलीतला जुना सोबती, असतो. परंतु फ्लोराइडची एक मर्यादा आहे, जी फार थोड्या रक्त घेणाऱ्यांना माहीत असते. साखर मोडण्याच्या क्रियेचे दहा टप्पे आहेत आणि फ्लोराइड अडवते ते नवव्या टप्प्याचे विकर, एनोलेज. दरवाजा शेवटाकडचा बंद झाला तरी आधीचे टप्पे काही काळ चालूच राहतात, आणि साखरेची घट पहिला तास-दीड तास थांबत नाही. त्यानंतर मात्र आकडा कित्येक तास स्थिर राहतो. म्हणून करडी नळी वापरली की निर्धास्त झालो असे मानू नये. ती भरल्यावर चांगली उलटीसुलटी करून तत्काळ बर्फाच्या पेटीत ठेवली तर पहिल्या तासातली घटही बरीच आटोक्यात राहते. याच नळीतल्या रक्तावर पोटॅशियमची चाचणी करणे व्यर्थ आहे, कारण नळीतच पोटॅशियम आहे. युरियाच्या ज्या चाचणीत युरिएज हे विकर लागते तीही बिघडते, कारण फ्लोराइड त्या विकरालाही मारते. आणि ऑक्झलेटाने पेशी आकसत असल्याने पेशींची मोजदादही तिच्यातून करू नये. ‘एकाच नळीत सगळं भागवा’ असा आग्रह जेव्हा कोणी धरतो, तेव्हा या करड्या नळीचे उदाहरण मी सर्वांत आधी देतो.

रंगीत टोपणांच्या या मांडणीत एक नळी अशी आहे जिला टोपण नाही, रंग नाही, आत द्रव्य नाही, आणि तरीही बालाघाटच्या या डोंगराळ मुलखात तिचे मोल मी सर्वांत अधिक मानतो. ती म्हणजे काचेची साधी परीक्षानळी. पावसाळ्याच्या तोंडी शेतात घोणस किंवा फुरसे चावलेले लोक दवाखान्यात येतात. या दोन्ही सापांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवून टाकते, आणि ती संपली आहे की नाही हे ठरवण्यासाठी शिरेतून काढलेले 2 मिलिलिटर ताजे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून, ती नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवून, मग एकदाच तिरपी करून पाहावयाची असते. रक्त गुठळी होऊन जागच्या जागी राहिले तर तूर्त विष रक्तात भिनल्याचा पुरावा नाही, मात्र पुढे पुन्हा चाचणी करावी. ते पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

इथे काच हेच द्रव्य आहे. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाला की गोठण्याच्या साखळीचा पहिला दुवा जागृत होतो; साध्या प्लास्टिकमध्ये तो तसा होत नाही आणि निरोगी रक्तही वीस मिनिटांत पुरते गोठेलच असे नाही. साबणाच्या भुकटीने धुतलेल्या काचेचीही तीच गत होते, कारण साबणाचा अदृश्य थर काचेचा तो गुण झाकून टाकतो. एकदा एका दवाखान्यातून रात्री रक्त न गोठल्याचा निरोप आला. चावा घेणारा साप मारून सोबत आणलेला होता आणि तो धामणीसारखा दिसत होता, तरी चाचणी विषाची ग्वाही देत होती. प्रतिविष घोड्याच्या रक्तजलापासून बनवतात आणि त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी घाई न करता नळीची चौकशी केली. ती धुऊन पुन्हा वापरलेली होती. नव्या काचेच्या नळीत त्याच माणसाचे रक्त बारा-तेरा मिनिटांतच घट्ट बसले. प्लास्टिकच्या नळ्यांनी सर्वत्र जम बसवल्यापासून काचेच्या नव्या नळ्या सहज मिळत नाहीत. तरी मी त्यांचा एक खोका वेगळा राखून ठेवतो, त्यावर ‘सर्पदंश’ एवढेच लिहिलेले आहे, आणि त्यातली नळी अन्य कोणत्याही कामाला काढू देत नाही.

तालुक्याच्या वा अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेत गोठण्याचा काळ सेकंदांत मोजावयाचा असेल तर आकाशी टोपणाची नळी लागते. तिच्यात शेकडा 3.2 शक्तीचे सोडियम सायट्रेट द्रावणरूपात असते. सायट्रेटची पकड ईडीटीएहून सैल आहे, आणि इथे तोच तिचा गुण आहे: प्रयोगशाळेत कॅल्शियम पुन्हा घातले की साखळी सुरू होते आणि घड्याळ लावून ती मोजता येते. मात्र 2.7 मिलिलिटर रक्तास 0.3 मिलिलिटर द्रावण हे माप किंचितही ढळू नये. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट रक्ताच्या मानाने जास्त होते, परत दिलेले कॅल्शियमही ते गिळून टाकते, आणि रक्त गोठावयास खोटा उशीर लागतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या हृदयरोग्याच्या बाबतीत या खोट्या उशिराचा अर्थ असा की त्याची आवश्यक गोळी कमी केली जाईल.

आता राहिला तो प्रसंग, जो प्रत्येक रक्त घेणाऱ्याला वरचेवर गाठतो: जुलाबाने शोषलेली म्हातारी किंवा तापाने फणफणलेले मूल, ज्याच्या शिरेतून कसेबसे दोन मिलिलिटर रक्त येते आणि शीर मिटते. अशा वेळी मेजावरच्या चारही नळ्यांत थोडेथोडे वाटून देण्याचा मोह होतो. तसे केले तर चारही नळ्यांचे माप चुकते आणि चारही अहवाल संशयास्पद होतात. मी डॉक्टरांकडे माणूस पाठवून एवढेच विचारतो की या घटकेला कोणता प्रश्न अडला आहे. प्लेटलेटचा असेल तर सारे रक्त जांभळ्या नळीत जाते. मूत्रपिंडाचा किंवा क्षारांचा असेल तर लाल नळीत. साखरेचा असेल तर बोटाला टोचून थेंबावर भागते आणि नळी वाचते. उरलेल्या नळ्या रिकाम्याच चिठ्ठी लावून परत पाठवतो, नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘रक्त अपुरे, पुन्हा घेणे’ असा शेरा मारतो, आणि सलाइनची बाटली संपून शिरा भरून आल्यावर, सलाइन न लावलेल्या हातातून, बाकीचे रक्त घ्यावयास पुन्हा जातो.